कळंब्याच्या शाखेआधी सगळं एकदा मांडून बघूया (रविवारच्या बैठकीसाठी)

आबा, काकी, दादा, वहिनी,

यंदा 2025 च्या दिवाळीत फराळाच्या ताटावर आपल्या कोल्हापूरच्या मिरची कांडपाच्या नवीन शाखेवरनं जी भांडणं झाली ती परत रविवारी नकोत म्हणून मी आठ दिवस बसून हे लिहून काढलंय. आपली जमेची बाजू काय, लंगडी बाजू काय, संधी कुठं हाय, धोका कुठं हाय, आणि आपल्या हातात नसलेल्या बाहेरच्या गोष्टी म्हणजे राजकारण, पैसापाणी, लोकांच्या सवयी. दादा याला स्वॉट आणि पेस्ट म्हणतो, म्हणूदे. वाचून या, नाहीतर परत आबा म्हणणार कळंबा आणि दादा म्हणणार पुणे आणि चहा गार होणार.

आधी जमेची बाजू, ही पटकन सांगते कारण सगळ्यांना माहीतच हाय. कांडायचे आपले तिन्ही डंख लोखंडी मुसळाचे हायत, पल्वरायझर नाही, त्यामुळं मिरची तापत नाही आणि बेडगीचा रंग तसाच राहतो. मंगळवार पेठेत पुराचं पाणी येत नाही. आणि गिऱ्हाईक आपल्यासमोर बसून आपली मिरची कांडून घेतं. ही तिसरी गोष्ट मला वाटतं सगळ्यात मोठी, कारण बायका पिशवी ठेवून जात नाहीत, स्टूल ओढून डंखासमोर बसतात, पदर नाकाला लावून, शिंकत शिंकत, पण उठत नाहीत. आपल्या संकेश्वरीत दुसऱ्याची मिरची मिसळू नये म्हणून. वहिनीनं काढलेली आयडिया की कळंब्यात नुसतं पिशव्या गोळा करायचं काउंटर टाकायचं आणि कांडप इकडं करायचं, ती इथंच बसली. स्टूलवाली बाई पिशवी सोडणार नाही. म्हणजे शाखा काढायची तर डंखासकटच काढायला लागणार.

आता मी गेल्या सीझनची वही काढली. तीच, लाल डाग पडलेली, अजून उघडली की ठसका लागतोय. 1 मार्च ते 25 मे, 612 गिऱ्हाइकं, 9,400 किलो कांडप, किलोला 60 म्हणजे 5 लाख 64 हजार. तयार कांदा लसूण चटणी वर्षभरात 1,900 किलो, 520 नं, 9 लाख 88 हजार. दोन्ही मिळून साडेपंधरा लाखाच्या वर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं त्यानंच घात केलाय.

गावं बघून परत मोजलं. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी या पट्ट्यातली 140 गिऱ्हाइकं आधीच आपल्याकडं येतात. आबा, तुम्ही म्हणता तिकडं गिऱ्हाईक हाय, हाय की, पण ते आपलंच हाय! सरासरी 15 किलो धरली तर 2,100 किलो नुसतं इकडनं उठून तिकडं जाईल, आणि तिकडच्या शेडचं भाडं महिना 9 हजार म्हणजे वर्षाचे 1 लाख 8 हजार, ते फेडायलाच 1,800 किलो कांडप लागतं, वीज आणि माणूस वेगळा. मग नवीन काय मिळवलं. एक गोष्ट मात्र आबांच्या बाजूनं हाय, ती मी प्रामाणिकपणे लिहिते: एप्रिलच्या तीन आठवड्यात मी दारात बसून मोजलं होतं, रांग बघून परत गेलेल्या 70 बायका. त्या कुठंतरी दुसऱ्या डंखावर गेल्या असणारच. तेवढं काम मात्र खरंच नवीन हाय.

दादा, आता तुझं पुणे. नऱ्ह्यात तू बघितलेला गाळा 28 हजार भाड्याचा, वर्षाला 3 लाख 36 हजार, म्हणजे 5,600 किलो कांडप फक्त भाड्यापायी. आपल्या अख्ख्या सीझनच्या निम्म्याच्या वर, आणि तेपण अशा गावात जिथं फ्लॅटमधली नवराबायको वर्षाची चटणी करतच नाहीत. आपल्या वहीत पुण्यातनं थेट आलेल्या ऑर्डरी किती, तर 9. पण आपल्या बायकांना विचार, बारा किलो करतात त्यातली चार किलो पुण्याच्या पोराला जाते, ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं, नाहीतर वंदे भारतच्या डब्यात मांडीवर बरणी धरून. म्हणजे पुण्याचं गिऱ्हाईक आधीच मंगळवार पेठेत स्टूलवर बसलंय, आईच्या रूपानं. त्याच्यासाठी 28 हजार कशाला भरायचे?

लंगड्या बाजूवर येते, इथं जरा वेळ घेते, रागवू नका.

पहिली म्हणजे काकी. काकी तू लंगडी नाहीस, पण सगळी भाजणी तुझ्या हातात आणि तुझ्या डोक्यात हाय. धने कधी उतरायचे, दगडफूल किती, खोबरं कुठल्या रंगावर थांबवायचं, नागकेशर आणि मायपत्री किती, मीठ कांडताना कधी टाकायचं, यातलं एक अक्षर कागदावर नाही. परवा मी तुला विचारलं तीळ किती, तू म्हणालीस "मावंल तेवढं". कशात मावंल? मी आणि वहिनीनं गेल्या महिन्यात तू नसताना दोन किलोचा घाणा लावून बघितला, खोबरं करपलं आणि चटणी कडू झाली, ती अजून घरातच हाय, भाजीत घालून संपवायलोय. मार्च ते मे तू एका वेळी दोन ठिकाणी उभी राहू शकत नाहीस, आणि दुसऱ्या डंखावर चव बदलली तर इकडचं नावपण जाईल. माझ्या मते शाखेचा खरा अडथळा हाच हाय, जागा नाही.

दुसरी, कागदपत्रं. फूडचं आपलं अजून नुसतं रजिस्ट्रेशन हाय, ते 2025 च्या नियमानं वर्षाला 12 लाखापर्यंतच्या उलाढालीला चालतं, त्याच्यावर राज्याचं लायसन्स लागतं. आपण साडेपंधरावर हाय. म्हणजे शाखा राहूदे, आत्ताचं दुकानच आधी नीट करायला पाहिजे, आणि शाखेच्या जागेला वेगळं लायसन्स निघतं ते वेगळंच. जीएसटीचं असं की मालाला 40 लाखाची मर्यादा आणि सेवेला 20 ची, आपलं कांडप आणि विक्री दोन्ही हाय, त्यामुळं शाखा चालली तर 20 च्या आसपास पोचणारच. सीएंना या आठवड्यात विचारते, आधी विचारूया, नंतर नोटीस वाचत बसायला नको.

आता बाहेरचं.

राजकारण. कळंबा अजून ग्रामपंचायतीत. 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द तीच, हद्दवाढीची चर्चा माझ्या जन्माआधीपासून चाललीय, शहरवाले मागतात आणि गाववाले बंद पाळतात. आज आपण ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन डंख बसवायचा आणि उद्या गाव शहरात आलं तर घरफाळा, परवाना सगळं नव्यानं. भाडेकरार करताना हे कलम घालायला पाहिजे की कर वाढला तर कोण भरणार. त्यात महापालिकेत 2020 पासून आत्ता 2025 पर्यंत प्रशासकच हाय, निवडणुका आता कुठं होणार म्हणतात, आचारसंहिता लागली की परवान्याचं कुठलंच टेबल हलणार नाही. म्हणून लायसन्सचा अर्ज आधी. हायकोर्टाचं सर्किट बेंच 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, सहा जिल्ह्यातनं वकील आणि पक्षकार येतात, ते चटणी कांडायला येणार नाहीत, पण जाताना अर्धा किलो तयार चटणी नेतील. ही संधी दुकानाची, डंखाची नाही.

पैसापाणी. आपलं गिऱ्हाईक म्हणजे उसाचं बिल. एफआरपी 2025-26 च्या हंगामाला टनाला 3,550 (सव्वादहा टक्के उताऱ्याला), पण ऊस गेला म्हणजे बिल आलं असं नाही. बिल वेळेत आलं तर मार्चमध्ये बाई 15 किलो मिरची घेते, अडकलं तर 8 वर भागवते आणि आपलं कांडप तेवढंच खाली येतं. मिरचीचा दर तर आपल्या कुणाच्याच हातात नाही. 2024 च्या मार्चमध्ये ब्याडगीच्या बाजारात दर पडला म्हणून शेतकऱ्यांनी बाजार समितीचं ऑफिस फोडून गाड्या जाळल्या होत्या. तयार चटणीला आपण मिरची आधी भरून ठेवतो, दर पडला तर आपण बुडतो, चढला तर गिऱ्हाईक बोंबलतं. दोन ठिकाणचा साठा म्हणजे ही भीती दुप्पट.

लोकांच्या सवयी. इथं मला खरी संधी दिसलीय. नोकरीवाल्या बायका आता विचारतात, "भाजूनच द्याल का हो?" गॅससमोर चार तास कांदा तळत उभं राहायला वेळ नाही, पण चटणी बाजारची नको, आपल्याच मिरचीची पाहिजे. परत 2024 ला हाँगकाँग-सिंगापूरनं काही भारतीय मसाले थांबवले, ते टीव्हीवर आल्यापासून समोर केलेल्या मालावर लोकांचा भरवसा वाढलाय, स्टूलं कमी पडायला लागली ती तेव्हापासनंच. पण भाजून द्यायचं म्हणजे परत काकी. बघा कसं फिरून तिथंच येतंय.

पावसाचं विसरू नका. 2025 ला 25-26 मेलाच मान्सून महाराष्ट्रात आला, त्याआधी वळवानं मिरची वाळू दिली नाही, शेवटचे दहा दिवस डंख जवळजवळ बंद होते. आपला धंदा 86 दिवसांचा, त्यातले दहा गेले की काय राहतं. पुण्याचा माल असता तर 2019 आणि 2021 सारखा शिरोलीत हायवे बंद झाला की तिकडं दुकान उघडं आणि माल इकडं. आणि कळंब्याच्या शेडला लागून दोन बंगले हायत, आबा तुम्ही बघितले नाहीत का? एप्रिलमध्ये खिडकीतनं मिरचीचा ठसका गेला की तक्रार ठरलेली. शेडमालक थ्री फेज हाय म्हणतो, मी मीटर बघून आले, सिंगल फेज हाय.

तर माझं म्हणणं असं. 2026 च्या 19 मार्चच्या पाडव्याला कळंब्यात नारळ फोडायचा नाही. या सीझनला इथंच "भाजून कांडून" सुरू करायचं, फक्त आगाऊ नोंदणीवर, दिवसाला पाच घाणे. जानेवारीपासून काकीनं दर रविवारी एक घाणा लावायचा आणि मी काटा घेऊन शेजारी बसणार, प्रत्येक जिन्नस टाकण्याआधी वजन करून लिहिणार. वहिनी आणि शेजारच्या दोघीजणी शिकतील. मे संपल्यावर त्या तिघींच्या हातची चटणी आणि काकीची, दोन वाट्या आबांसमोर ठेवायच्या, कुठली कुणाची ते न सांगता. आबांना ओळखता आली नाही तर पाचगाव रोडला बंगल्यांपासून लांब, थ्री फेजची जागा शोधायची, 2027 च्या मार्चसाठी. ओळखता आली तर अजून एक वर्ष थांबायचं.

दादा, पुण्याचं टोकन दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर रविवारआधी मला एकटीला फोन कर, आबांसमोर नको.

फूडच्या अर्जाला आबांचा आधार, पॅन आणि दुकानाचं वीजबिल लागणार, घेऊन या. आणि काकी, रविवारी येताना तुझं ते खोबरं किसायचं पितळेचं माप आण, "मावंल तेवढं" म्हणजे किती ते तिथनंच मोजायला सुरू करते.

– प्राजक्ता