केळीची रोपं बघताय? निवांत बघा

राम राम भाऊ, राम राम ताई! घाई काहीच नाही, रोपांच्या या पेजवर जरा वेळ थांबलात म्हणून एवढंच सांगतो की काही अडलं तर आम्ही जळगावला रोपवाटिकेतच आहोत.

बरेच जण रोपं किती लागतील याच हिशोबात अडकतात, तर ६ बाय ५ फुटावर एकरी साधारण १४५० बसतात, ५ बाय ५ ला १७४० च्या आसपास, तुमचं अंतर वेगळं असेल तर इथे लिहा, आकडा काढून देतो. आणि शेजारी काकडी किंवा भोपळा उभा असेल तर ऑर्डरच्या आधी नक्की सांगा, सीएमव्हीचा विषाणू मावा तिथूनच केळीवर आणतो आणि एकदा लागला की झाड उपटण्याशिवाय इलाज नाही.

मोबाईल नंबर मागत नाही. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, व्हॉइस पाठवा, सगळं चालतं. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ इथला माणूसच उत्तर देतो, रात्री लिहिलं तर सकाळी.

नको असेल तर वरची फुली दाबा, हा बॉक्स आज परत आपणहून उघडणार नाही.

[रोपांचा हिशोब करून द्या]
[आधी बघू द्या]