पाटीवरचं नाव

दुकान बंद करून शटर आतून ओढलं, तेव्हा सुधाताई आणि विनायक, दोघांनाही वाटलं होतं की अर्ध्या तासाचं काम आहे. तिचे वडील गोविंदराव आणि त्याचे वडील केशवराव वर्षभरात एकापाठोपाठ गेले. जुनी भागीदारी त्यांच्याबरोबर संपली. नवा करारनामा वकिलांनी तयार ठेवला होता, फक्त दुकानाच्या नावाची ओळ भरायची होती आणि सकाळी सह्या.

"गोविंदराव आणि मंडळी. आहे तेच राहू दे," सुधाताई म्हणाली. "गिऱ्हाईक या नावाने येतं, पेढीवाले या नावावर माल देतात."

"आणि मंडळी म्हणजे कोण गं, ताई?"

ती गप्प राहिली.

"माझे बाबा," विनायक म्हणाला. "जन्मभर या गादीवर बसले आणि पाटीवर ते मंडळी."

हे त्याच्या मनात किती वर्षं साचलं होतं, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं. पण सुधाताईचंही काही खोटं नव्हतं. विनायक नोकरीसाठी बाहेर पडला, तेव्हापासून दोन्ही म्हाताऱ्यांचं दुकान तिनेच ओढलं होतं. हिशेब, उधारी, वर्षअखेरची मोजदाद, सगळं. आता तो परत येऊन पाटी बदलायची म्हणतो, हे तिला झोंबलं.

"बरं, मग 'गोविंद केशव वस्त्र भांडार'," ती शेवटी म्हणाली.

"वाचणाऱ्याला वाटेल, गोविंद हा केशवचा मुलगा."

"अगं बाई, खरंच की. मग उलटं लिही."

"मग माझे बाबा तुझ्या आजोबांच्या जागी नाही, तुझ्या बाबांच्या मांडीवर!"

दोघंही हसले नाहीत. रात्रीचा एक वाजला होता. विनायकने दोन-तीन नवी नावं सुचवली, छोटी, चकचकीत, कुठल्याही दुकानाला लावता येतील अशी. ती एकेक ऐकून सुधाताई म्हणत राहिली, "यात आपलं काय आहे?" मग ती चिडून म्हणाली की त्याला दुकान नकोच आहे, फक्त वाटा हवाय. तो म्हणाला, तिला भागीदार नकोय, नोकर हवाय. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. ती उगाच उलगडलेले तागे गुंडाळत बसली. सूट लायनिंगचा एक तागा तिने दोनदा गुंडाळला.

विनायक काउंटरशी उभा होता. लाकडी कडेवर कापड मोजायला ठोकलेले पितळी खिळे झिजून गुळगुळीत झाले होते. पहिल्या खिळ्यापासून 36 इंचांवर जुन्या गजाचा, त्याच्यापुढे सव्वातीन इंचांहून जरा जास्त अंतरावर मीटरचा. आणि त्याच्याही पुढे, चार बोटं सोडून, आणखी एक.

"हा अजून आहे?"

"असणारच. रोज वापरते मी. शेवटचं माप मीटरवर नाही, त्या खिळ्यावर फाडायचं. बाबांची शिस्त."

"तुझ्या बाबांची? ताई, हा खिळा माझ्या बाबांनी ठोकलाय. मी हातोडी धरून शेजारी उभा होतो. गोविंदकाका भयंकर चिडले होते. म्हणाले, केशव, दर गिऱ्हाइकामागे चार बोटं कापड फुकट गेलं तर वर्षाला किती तागे झाले?"

सुधाताईने तागा खाली ठेवला. "मग?"

"बाबा म्हणाले, सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं. 36 पन्ह्याच्या सव्वादोन मीटरमध्ये शर्ट बसवताना शिंप्याला ओढाताण होते. कापड कमी पडलं की तो गिऱ्हाइकाला म्हणतो, मापात मारलंय. चार बोटं जास्त दिली तर तो तोंड उघडणार नाही."

"बाबांनी मला हे कधीच सांगितलं नाही." ती काउंटरजवळ आली आणि त्या खिळ्यावरून बोट फिरवलं. "पण मला मोजायला शिकवलं ते याच खिळ्यावर. एकदा मी मीटरवर कात्री लावली, तर गिऱ्हाइकासमोर ओरडले होते मला."

"गोविंदकाका ओरडले?"

"हो. म्हणाले, आपल्याकडे भर माप देतात."

विनायकने वही ओढली आणि लिहिलं: भरमाप. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, हा प्रश्नच उरला नाही. सुधाताईने शब्द दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला, गिऱ्हाईक म्हणेल तसा. 'भरमापमधून आणलं.' 'भरमापात मिळेल.' चालत होता.

"भरमाप वस्त्र भांडार," ती म्हणाली.

"भांडार कशाला? भरमाप कापड दुकान."

"विनू, लग्नाचा बस्ता कोणी कापड दुकानात बांधतं का?"

"आणि पायजम्याचं कापड घ्यायला कोणी भांडारात जातं?"

बाहेर पेपरवाल्याची सायकल वाजली. सह्यांना अजून पाच तास होते. सुधाताईने स्टूल ओढलं, पदर खोचला आणि पेन हातात घेतलं. "बस. आता हे मिटवूनच उठायचं."