नाना चार नंबरच्या गेटावर आहेत

हॅलो दादा, आत्ता बोलले ना तुमच्याशी, मीच. फोनवर आवाज तुटत होता म्हणून रेकॉर्ड करून पाठवते. तुम्ही नंबर दिलात ते बरं झालं, त्या ॲपच्या चॅटमध्ये एवढं सगळं लिहून सांगता आलं नसतं. गाडी जरा बाजूला घ्या आणि एकदा पूर्ण ऐका, मग निघा. घाईत अर्धं ऐकलंत तर परत त्याच कमानीपाशी याल.

पहिली गोष्ट, प्रवासी मी नाही. मी कल्याणला आहे. माझे वडील आहेत तिथं, नाना, गाडी त्यांच्यासाठी बुक केलीय. आणि ते तुम्ही आत्ता उभे आहात त्या गेटला नाहीत. मला मॅपवर तुमची गाडी हायवेच्या बाजूला दिसतेय, मोठी कमान आहे तिथं. ते एक नंबरचं गेट. कॅम्पसचं नाव टाकलं की ॲप सगळ्यांना तिथंच नेतं. मी पिन हातानं सरकवून मागं नेली होती, तरी ती परत हायवेवर येऊन बसली. नाना चार नंबरच्या गेटला आहेत, मुलींच्या हॉस्टेलच्या. मागच्या अंगाला.

तिथल्या वॉचमनला विचारलंत तर तो म्हणेल आतून जाता येत नाही, आणि ते खरंय. सातनंतर बाहेरची गाडी एक नंबरनं आत सोडत नाहीत. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका दादा, त्याच्या हातात काही नसतं. मी चार वर्षं त्याच हॉस्टेलला काढलीत, मला माहीतय. दोन नंबरनं नुसत्या गाड्या बाहेर पडतात. तीन नंबर बांधकामामुळं बंद आहे, पण मॅप तिथून रस्ता दाखवतो. अजिबात जाऊ नका तिकडं, डंपरनी सगळा चिखल केलाय, चाक रुतलं तर तुमचीही पंचाईत आणि आमचीही. पाच-सहाचं सोडून द्या.

आता रस्ता सांगते. कमानीकडं पाठ करून सर्व्हिस रोडनं सरळ पुढं या, कागलच्या दिशेनं. उलट्या बाजूनं कोल्हापूरकडं घालू नका, जवळ वाटतं पण पावसात समोरून ट्रक येतात. थोडं पुढं आलात की डाव्या हाताला टायरचं दुकान लागेल, बाहेर टायरची चळत लावलेली असते. दुकान संपलं की लगेच डावीकडं गावात जाणारा रस्ता आहे, तो धरा. इथं मॅप यू-टर्न घ्या म्हणून मागं लागेल. त्याचं ऐकू नका, आवाजच बंद करा त्याचा.

गावाच्या रस्त्याला दोन्हीकडं ऊस आहे, आता चांगला वाढलाय, वळणावर समोरचं काही दिसत नाही. आणि ही सांजच्या दुधाची वेळ, किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली येत असतात डेअरीकडं. तेवढं जपून या. मारुतीचं देऊळ लागेल, देवळासमोर दूध डेअरी. डेअरीपाशी रस्ता फुटतो. सरळ जाणारा गावात जातो. तुम्ही डावीकडं वळायचं. वळलात की कॅम्पसची दगडी भिंत सुरू होते, ती भिंत डाव्या हाताला ठेवून यायचं. दोन स्पीडब्रेकर आहेत, दुसऱ्यावर पांढरा पट्टा पुसलाय, हळू घ्या. तो ओलांडला की निळं लोखंडी गेट. तेच चार नंबर. गेटावर आकडा लिहिलेला नाही, बाजूला वॉचमनची केबिन आहे आणि वर पत्रा टाकलाय. त्या पत्र्याखाली नाना बसलेत. पाऊस आहे म्हणून मीच त्यांना तिथून हलू नका म्हणून सांगितलंय.

दादा, त्यांना फोन करत बसू नका. साधा बटणाचा फोन आहे, पिशवीत असतो, आणि डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. माझी भाची आतच आहे, तिचीच ॲडमिशन होती, पण सातनंतर मुलींना बाहेर सोडत नाहीत. ती गेटापर्यंत आली, त्यांना बसवलं आणि आत गेली. त्यामुळं त्यांच्याजवळ आता कोणी नाही. मला तेवढीच काळजी लागून राहिलीय.

ओळखायला सोपे आहेत. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, आणि छत्री हातात नसणार, सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवलेली असेल. जवळ एक खाकी पिशवी. हॉर्न नका वाजवू. पत्र्याच्या समोर आलात की दोनदा डिपर द्या. बत्तीस वर्षं एसटी चालवलीय त्यांनी, राधानगरी, गगनबावडा, सगळे घाट. डिपर दिला की ते मान वर करतातच. मग उतरून उजव्या बाजूनं बोला, "नाना, स्टेशनला" एवढंच म्हणा. ओटीपी भाचीनं ॲडमिशनच्या पावतीमागं लिहून दिलाय, वरच्या खिशात आहे. त्यांना मागायचं, ते पावती काढून दाखवतील. चष्मा शोधायला जरा वेळ लागेल, तेवढं थांबा.

गुडघा दुखतो त्यांचा. मागं बसवू नका, पुढं बसवा, सीट मागं सरकवून. ते स्वतः सांगणार नाहीत, मागंच बसतो म्हणतील.

वॉचमननं विचारलं तर हॉस्टेलच्या ॲडमिशनला आलेल्या पालकांना न्यायला आलोय म्हणून सांगा. वहीत गाडीचा नंबर लिहून घेतील, बास. गाडी आत न्यायची गरजच नाही, बाहेरच वळवून घेता येते.

आता वेळेचं सांगते. महालक्ष्मीचं रिझर्वेशन आहे, मी कल्याणला उतरवून घेणार आहे. आत्ता सात दहा झालेत. साडेआठच्या आत स्टेशनला सोडलंत तर त्यांना सावकाश डबा गाठता येईल. उजळाईवाडी, शाहू नाका, तिथून पुढं शहरात कसं जायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त दाभोळकर कॉर्नरला अडकाल असं वाटलं तर आधीच दुसरीकडनं काढा. आणि नानांनी एखादी वाट सांगितली तर ऐका त्यांचं, त्यांना आतले रस्ते पाठ आहेत.

तुम्हाला उलटं फिरून यावं लागतंय हे मला कळतंय. तो फेरा तुमचा नाही, पिन चुकीची पडली. ॲपमध्ये जे भाडं येईल ते ऑनलाइन जाईलच, वरचे शंभर मी तुमच्या या नंबरला आत्ताच टाकते. फक्त ट्रिप कॅन्सल करू नका दादा, आणि कमानीपाशी उभं राहून "पोचलो"चं बटण दाबू नका. तिथं वेळ मोजायला लागलं की ट्रिप आपोआप जायची, आणि पावसात त्या बाजूला दुसरी गाडी लवकर मिळत नाही.

याच्या खाली एक लोकेशन पाठवतेय. भाचीनं त्या पत्र्याखाली उभं राहून पाठवलेलं आहे, ते बरोबर आहे. ॲपचा मॅप बंद करून हे लावा, पण डेअरीपर्यंत मी सांगितलं तसंच या. डेअरीपाशी आलात की मला एक मिस कॉल द्या. मी वॉचमनच्या फोनवर फोन करून नानांना उठवून ठेवते, म्हणजे त्यांना गडबड होणार नाही. ठेवते दादा, या तुम्ही.