रात्री १० ऐवजी ९: नऊ महिन्यांच्या बाळाचा आठवडा

सध्या बाळ रात्री १०ला झोपतं, सकाळी ८ला उठतं आणि दुपारची शेवटची झोप ६:३०ला संपवतं. या तिन्ही वेळा एकत्रच अलीकडे आणायच्या. फक्त रात्रीची वेळ बदलली तर बाळाला झोपच आलेली नसते, मग अंथरुणात रडारड होते.

सोम–मंगळ: उठवणं ७:४५, दुपारची झोप ६:१५ला संपवायची, रात्री ९:४५.
बुध–गुरू: ७:३०, ६:००, ९:३०.
शुक्र–शनि: ७:१५, ५:४५, ९:१५.
रवि: ७:००, ५:३०, ९:००. पुढे हेच.

सकाळी उठवल्याबरोबर पडदे उघडा, गॅलरीत न्या. खरं काम हा उजेडच करतो. मऊ भात किंवा खिमट झोपेच्या तासभर आधी. शेवटच्या अर्ध्या तासात टीव्ही बंद, दिवा मंद, अंग पुसणं, दूध, अंगाई. मग पाठीवर झोपवा.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर पुढची पायरी एक दिवस थांबवा. संध्याकाळी सातला गाडीत लागलेली डुलकी सगळं बिघडवते, तेवढी टाळा. बाबा उशिरा येत असतील तर त्यांचा खेळ सकाळी. ताप किंवा लसीचा दिवस असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवा.