माडीवरच्या खोलीबद्दल

मडकई, फोंडा
सोमवार, ११ मे २०२६

आदरणीय विनायकबाब यांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुम्ही जेवणघराच्या वर खोली काढण्याचं बोललात. मी नुसतं "बघतो" म्हणून फोन ठेवला, त्याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. पण आमच्या धंद्यात फोनवर हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी दारात खडी येऊन पडते. म्हणून रात्री घराचा नकाशा आणि आपला करार दोन्ही पुढ्यात घेऊन बसलो आणि आता सविस्तर लिहितो आहे.

जानेवारीत बोलणी झाली तेव्हा काकींनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. यंदा माटोळीखाली बादली ठेवायची पाळी येता कामा नये. बाकी फरशी, रंग, लाइट यांत थोडं इकडेतिकडे झालं तरी त्या काही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण छप्पर कोरडं पाहिजे. सगळं काम मी त्याच हिशेबानं लावलं आहे. पुढच्या अंगाचे कुजलेले वासे बदलून झाले, रिपा मारून कौलं चढली. मागचं अंग अजून उघडं आहे, ते मेअखेर बंद व्हायलाच पाहिजे, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो. त्यानंतर आतलं काम घेऊन चवथीच्या पंधरा दिवस आधी, म्हणजे ३१ ऑगस्टला, घर धुऊनपुसून तुमच्या हातात द्यायचं. हा शब्द मी दिला आहे आणि तो मला पाळायचा आहे.

त्यामुळे माडीवरची खोली मी आत्ता घेणार नाही. चवथीआधी नाही, आणि ठरलेल्या रकमेतही नाही.

तुम्ही म्हणालात, यंदा अधिक मास आल्यानं चवथ १४ सप्टेंबरला आहे, गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टलाच होती, मग वेळच वेळ आहे. पंचांगात महिना वाढला हे खरं, १७ तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागतोच आहे. पण पाऊस काही त्यासाठी थांबत नाही. वाढलेले दिवस सगळे पावसाळ्यातले आहेत, आणि खोली काढायची तर जेवणघरावरचं छप्पर त्याच दिवसांत उघडावं लागेल. ताडपत्री बांधून काम करणारे करतात. मीही एरवी केलं असतं, पण खाली मातीची भिंत नसती तर.

खरी अडचण या भिंतीचीच आहे. जेवणघराची पूर्वेकडची भिंत चिऱ्यांची आहे, पण चिरे मातीत बसवलेले आहेत, चुन्यात किंवा सिमेंटात नव्हेत. गिलावा काढला तेव्हा तुमच्या राजेशनंही ते पाहिलं. या भिंतीनं इतकी वर्षं लाकूड आणि कौलं उचलली. त्यावर बारा बाय चौदा फुटांचा पाच इंची स्लॅब घातला तर त्याचंच वजन पाच टनांच्या आसपास जातं. वरच्या भिंती, बाथरूम, पाण्याची टाकी हे वेगळं. हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन. ही भिंत तो भार घेईल असं मी सांगू शकत नाही आणि नुसत्या नजरेनं कोणीही सांगू नये. तिथे बहुधा खालपासून वेगळे कॉलम काढावे लागतील. म्हणजे जेवणघराची जमीन खोदायची, आणि ऐन श्रावणात स्लॅबखालच्या टेकूंमधून वाट काढत तुम्ही पानं वाढायची.

कागदांचंही आहे. पंचायतीकडून आपण घेतलेली परवानगी दुरुस्तीची आहे. नवा मजला तिच्यात बसत नाही. त्यासाठी २०१० च्या बांधकाम नियमांप्रमाणे नकाशे काढून नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि मग पंचायतीचा परवाना घ्यावा लागेल. "घरचंच तर आहे, कोण विचारतो" असं तुम्ही हसत म्हणालात, पण घर तुम्हां तिघा भावांच्या नावावर आहे. उद्या कोणी विचारलंच तर उत्तर तिघांनाही द्यावं लागेल.

आता पाहुण्यांचं. राजेशच्या लग्नानंतरची ही पहिली चवथ, डोंबिवलीची मंडळीही येणार, आणि नव्या सुनेला स्वतंत्र खोली हवी, यात काही चूक नाही. माझ्या मते मागच्या पडवीतली कोठीची खोली आपण सोडून देतो आहोत. तिथे आज नारळ आणि जुनी खाट आहे, पण खोली चांगली दहा बाय बारा आहे आणि नवं बाथरूम तिच्या भिंतीला लागूनच येतंय. बाथरूमचं दार अंगणाकडे न ठेवता कोठीतून काढलं तर तुम्हाला हवी तशी खोली चवथीला तयार मिळते. दाराची ही बदली, आतला रंग आणि दोन लाइट पॉइंट मी ठरलेल्याच पैशांत करतो. फरशी बदलायची असेल तर फरशी तुम्ही आणून द्या, मजुरी माझी. फक्त दाराचं २० मेपर्यंत कळवा, कारण त्यानंतर गवंडी बाथरूमच्या भिंतीला हात घालतील.

आणि माडीवरची खोली तुम्हाला हवीच असेल तर ती नीट करू. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. ती झाली की स्ट्रक्चरल इंजिनियरला घेऊन मी घरी येतो. भिंत उकरून पाहू, पाया किती खोल आहे ते पाहू, आणि मग त्याच्या नकाशावरून वेगळा दर आणि वेगळा करार करू. आत्ता अंदाजानं आकडा सांगितला तर तो नंतर वाढेल आणि तुमच्या-माझ्यात उगाच कडूपणा येईल. परवाना हातात आला की पुढच्या पावसाआधी काम पुरं करता येईल. तेव्हा पुन्हा तोडफोड नको म्हणून पाण्याची आणि सांडपाण्याची एकेक लाइन जेवणघराच्या कोपऱ्यात आत्ताच वरपर्यंत आणून बंद करून ठेवतो. पाइपचा जो काही खर्च येईल तेवढा द्या.

एवढं सगळं ऐकूनही खोली यंदाच पाहिजे आणि दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायची असं तिघा भावांनी ठरवलं, तर मी मन मोठं ठेवीन, नकाशेही देईन. मात्र माझं काम हातात दिल्यानंतरच छपराला हात लावू द्या, आणि मग त्या अंगाच्या गळतीची हमी माझ्याकडे राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शनिवारी सकाळी मी साइटवर असेन. काकींना घेऊन या. कोठीतलं दार कुठे येईल ते खडूनं भिंतीवर आखून दाखवतो, पसंत पडलं तर तिथेच ठरवू. येताना राजेशला आणलंत तर बरं, खोली शेवटी त्यालाच वापरायची आहे.

आपला,
मंगेश

ता. क. मागच्या अंगाला कौलं थोडी कमी पडतील असं दिसतं. जुनी उतरवलेली धड कौलं गोठ्यात रचून ठेवली आहेत, ती कोणाला देऊ नका.