विषय: पाकीट डिझाइनचं काम थांबवत आहे, थकीत बिल आणि फाइलींविषयी

नमस्कार जोशी सर,

आठ पाकिटांपैकी उरलेल्या तीन पाकिटांचं काम मी यापुढे करू शकणार नाही. आजपासून आपलं काम थांबवत आहे.

मंजूर झालेल्या डिझाइनमध्ये तीन जणांकडून वेगवेगळे बदल येत राहिले. भाजणी चकलीच्या पाकिटाचा हिरवा रंग तुम्ही मंजूर केलात, मग ऑफिसमधून पिवळा करायला सांगितलं गेलं आणि रात्री साडेअकराला फोनवर पुन्हा हिरवा ठरला. बदल एकाच व्यक्तीने, ईमेलवर कळवावेत असं आपलं ठरलं होतं. ते पाळलं जात नसेल, तर मला नीट काम देता येणार नाही.

हिशेब असा: प्रत्येकी १२,००० रुपयांप्रमाणे छापून झालेल्या पाच पाकिटांचे ६०,००० आणि दिवाळी गिफ्ट बॉक्सचे १४,०००, एकूण ७४,०००. ॲडव्हान्स ३६,००० मिळाला आहे, म्हणजे बाकी ३८,००० रुपये. ॲडव्हान्सवरचा टीडीएस तेव्हाच कापला होता. आता १० टक्क्यांप्रमाणे ३,८०० कापून ३४,२०० रुपये १५ ऑक्टोबरपर्यंत खात्यात जमा करावेत आणि यथावकाश फॉर्म १६ए पाठवावा. तीन पाकिटांच्या कच्च्या आराखड्यांचे पैसे मी लावलेले नाहीत.

बाकीतले २४,००० रुपये ५ ऑगस्टच्या बिलाचे आहेत. माझी उद्यम नोंदणी आहे, हे त्या बिलावरही छापलेलं आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात आणि ती मुदत उलटून गेली आहे. १५ तारखेपर्यंत रक्कम आली, तर मी व्याज मागणार नाही.

पाचही पाकिटांच्या आणि बॉक्सच्या मूळ फाइली पैसे जमा झाले की त्याच दिवशी पाठवते. अक्षरांसाठी ‘मुक्ता’ वापरला आहे. तो खुल्या परवान्याचा फॉन्ट आहे, त्यामुळे नव्या डिझायनरला तो विकत घ्यावा लागणार नाही. एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन आणि एमआरपी यांच्या जागा फाइलीत वेगळ्या लेयरवर ठेवल्या आहेत. डिझायनरला काही विचारायचं असेल, तर ३१ ऑक्टोबरपर्यंत मी ईमेलवर उत्तर देईन.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे. मार्केट यार्डचे प्रिंटर ज्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे ‘डिझायनरमुळे माल उशिरा आला’ असं लिहिलं गेलं. तुमची मंजुरी १८ जुलैला दुपारी आली आणि छपाईची फाइल त्याच संध्याकाळी प्रिंटरकडे गेली. दोन्ही ईमेल सोबत जोडले आहेत. पुण्यात माझं बरंचसं काम प्रिंटरांच्याच ओळखीतून येतं, त्यामुळे ही दुरुस्ती त्याच ग्रुपमध्ये तुम्ही स्वतः करावी, ही विनंती.

काम का थांबलं याची चर्चा मी बाहेर कुठेही करणार नाही, तुमच्याकडूनही तेवढंच अपेक्षित आहे. छापून बाजारात आलेली पाच पाकिटं मी माझ्या कामांच्या नमुन्यांत दाखवेन, तसं करारात ठरलेलंच आहे.

सोबत: दोन्ही बिलं, १८ जुलैचे दोन ईमेल.

आपली,
मृणाल
कोथरूड, पुणे
३ ऑक्टोबर