नववारी नवरीचा कोल्हापुरी साज सेट, मॅट सोनेरी, १५ प्रकार, नथ दाबाची किंवा टोचलेल्या नाकाची

किंमत ४,६५० रुपये. पाठवण्याचा खर्च महाराष्ट्र आणि गोव्यात यातच, इतर राज्यांत १५० रुपये जास्त. पाटल्यांचे माप आणि नथीचा प्रकार ऑर्डर करतानाच कळवा, तोपर्यंत सेट बांधला जात नाही.

हे खरे सोने नाही. पितळेवर सोन्याचे पाणी चढवलेले दागिने आहेत. बाजारात यांना ‘एक ग्रॅम’ म्हणतात. ते चालीचे नाव आहे, प्रत्येक नगात मोजून एक ग्रॅम सोने आहे असे समजू नका. हॉलमार्क नाही, मोडीला काही येणार नाही. मोती काचेचे आहेत. प्लास्टिकचे वापरले असते तर सेट थोडा हलका झाला असता, पण प्लास्टिकचा मोती फोटोत लगेच ओळखू येतो आणि त्याच्या भोकाशी पापुद्रा सुटतो.

फोटो दुपारी खिडकीजवळ काढलेत, रंग बदललेला नाही. हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली हाच सेट थोडा तांबूस दिसतो. शेजारी आईच्या खऱ्या पाटल्या असतील तर जवळून बघणाऱ्या मावशीला फरक कळेल. चार हात लांबून कळत नाही.

वजन, घरच्या काट्यावर एकेक नग ठेवून घेतलेले

चिंचपेटी ३१ ग्रॅम
ठुशी ३८ ग्रॅम
तन्मणी, तीन सरी, ४२ ग्रॅम
कोल्हापुरी साज, २१ पानांचा, ६४ ग्रॅम
लक्ष्मीहार ९२ ग्रॅम
वाकी, जोडी, ४६ ग्रॅम
तोडे, जोडी, ८८ ग्रॅम
पाटल्या, जोडी, ५२ ग्रॅम
कुड्या, जोडी, ९ ग्रॅम
मोत्यांचे वेल, जोडी, ८ ग्रॅम
बुगड्या, जोडी, ५ ग्रॅम
नथ ४ ग्रॅम (दाबाची घेतली तर ५)
मुंडावळ्या १४ ग्रॅम
अंबाड्यावरचा खोपा २६ ग्रॅम
कंबरपट्टा ११८ ग्रॅम

एकूण ६३७ ग्रॅम. मण्यांत एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात. हा आकडा एकदम ऐकला की घाबरायला होते, पण अंगावर तो वाटला जातो. विचार करायचा तो गळ्याचा. पाचही दागिने एकाच वेळी घातले तर मानेवर २६७ ग्रॅम येतात आणि नवरी ते मुहूर्तापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत वागवते. लक्ष्मीहार विधी संपल्यावर घाला, फोटोच्या वेळी. सप्तपदीला वाकताना तो तसाही पुढे लोंबतो आणि होमाच्या बाजूला जातो.

मंगळसूत्र आणि जोडवी सेटमध्ये नाहीत. ती सासरहून येतात किंवा घरची असतात, खोटी देऊन उगाच किंमत वाढवण्यात अर्थ नाही.

मागची बाजू: हुक, दोरी, फिरकी

चिंचपेटी, ठुशी आणि तन्मणी दोरीवर आहेत. मागे रेशमी दोरी, तिच्यावर सरकता गोंडा. गोंडा वर ओढला की दागिना गळ्याशी बसतो, खाली ओढला की सैल. मान बारीक असो की भरलेली, बसतेच. फक्त गोंडा बसवल्यावर त्याच्या खाली साधी गाठ मारा, कारण घामाने रेशीम निसरडे होते आणि तासाभरात ठुशी खाली आलेली असते. अंबाडा मोठा असेल तर दागिने आधी बांधा आणि केस मग. उलटे केले की गोंडा पिनांत अडकतो, मग कात्री शोधत बसावे लागते.

साज आणि लक्ष्मीहाराला मागे साखळी आहे. साजाची लांबी १८ इंच, लक्ष्मीहाराची २६ इंच, दोन्हींना ३ इंच जास्तीच्या कड्या. या दोन्हींना पूर्वी आम्ही एस हुक लावत होतो. गेल्या वर्षी एका नवरीचा लक्ष्मीहार वरमाला घालताना सुटून पाटावर पडला. हार तुटला नाही, पण तिच्या आईने आम्हाला जे ऐकवले ते रास्त होते. एस हुक वजनाने उघडत जातो आणि हात वर केला की कडीतून निसटतो. आता दोन्हींना लॉबस्टर हुक आहे, बोटाने खटका मागे ओढायचा तो. नखे लांब असतील तर स्वतःला लावता येत नाही, करवलीला लावायला सांगा.

तोड्यांना पेच आहे. पेच फिरवून तोडा उघडतो, मनगटात घालून परत आवळायचा. बोटाने आवळेल तेवढाच, पकडीने नको. वाक्या उघड्या तोंडाच्या आहेत, दंडाचा घेर ९ ते १२ इंच असेल तर बसतात. वाकी फाकवायची ती एकदाच, हळू. सारखी उघडमीट केली की पितळ मधूनच मोडते. कंबरपट्टा मागे हुकाने लागतो, २८ ते ३८ इंच कमरेला. नववारीच्या निऱ्या खोचल्यावर कंबर दोन इंच तरी वाढते, माप तेव्हाचे घ्या.

कुड्या फिरकीच्या आहेत. वेल कुडीच्या मागे अडकतो आणि दुसरे टोक कानावरच्या केसांत जाते, त्यामुळे कानाची पाळी ओढली जात नाही. बुगड्या दाबाच्या ठेवल्यात, कारण वरचा कान टोचलेल्या मुली आता फार सापडत नाहीत.

पाटल्यांचे माप

दोन-चार, दोन-सहा आणि दोन-आठ अशी तीन मापे आहेत. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर एक इंचाचे चार सोळांश, आतून सव्वादोन इंच, ५७ मिलिमीटर. दोन-सहा ६० मिलिमीटर, दोन-आठ ६३.५ मिलिमीटर. पाटली भरीव आहे, उघडत नाही. हाताला बसणारी एखादी बांगडी पट्टीवर ठेवून आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजा. अडनिड्या मापाला मोठी घ्या. लग्नाच्या आठवड्यात मेंदी, जागरण आणि उकाडा यांनी हात थोडे सुजतातच, आणि हिरवा चुडाही त्याच मनगटात असतो.

नथ

निम्मे मेसेज नथीबद्दल येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

घडण एकच: पांढऱ्या मोत्यांचा झुबका, मधे गुलाबी खडा, खाली हिरवा. रुंदी ३ सेंटिमीटर. डाव्या नाकपुडीसाठी. प्रकार दोन.

टोचलेल्या नाकाची नथ तारेची आहे. तार भोकातून आत जाते आणि मागे आकड्यात अडकते. नाकात जाणारी तार आम्ही चांदीची करून घेतो, कारण दिवसभर ओल्या त्वचेत पितळ राहिले की नाक लाल होते. तारेची जाडी ०.८ मिलिमीटर. रोज बारीक चमकी घालत असाल तर भोक याहून लहान असू शकते. लग्नाच्या आठवडाभर आधी घरी एकदा घालून बघा, जोर करावा लागला तर थांबा. लग्नासाठी म्हणून महिनाभर आधी नाक टोचून घेतलेल्यांनी ही नथ घेऊ नये. भोक भरलेले नसते, त्यात ४ ग्रॅमची नथ ओढत राहिली तर पिकते. तुम्हाला दाबाचीच.

दाबाची नथ टोचल्याशिवाय बसते. मागे दोन टोके आहेत, त्यांत नाकपुडी धरली जाते. टोकांना गोल मणी आहेत, त्यामुळे रुतत नाही. येते तेव्हा सैल असते, चिमटीने थोडी दाबून बसवायची. योग्य दाब कसा ओळखायचा? मान दोन्हीकडे हलवा, हसा, एकदा नाव घेऊन बघा. उखाणा घेताना वरचा ओठ उचलला जातो आणि नथ तेव्हाच सुटते. अर्धा तास घालून काढल्यावर लाल खूण दहा मिनिटांत गेली तर दाब बरोबर आहे. तासाभरानेही राहिली तर सैल करा. फाउंडेशनवर दाबाची नथ घसरते. टोके बसतात तेवढी जागा मेकअपवाल्या ताईंना कोरडी ठेवायला सांगा.

दाबाची नथ एक ग्रॅमने जड आहे आणि बाजूने पाहिल्यास मागचे टोक किंचित दिसते. टोचलेल्या नाकाची नीट बसते, हे खरे. पण नाक टोचलेले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, समोरून फोटोत दोन्ही सारख्याच. १८० रुपये जास्त देऊन दोन्ही प्रकार मागवता येतात.

रंग किती टिकेल, कसा टिकवायचा

रंगाची हमी देत नाही. जे देतात त्यांना विचारा, दोन वर्षांनी ते त्याच नंबरवर असतील का.

काळे पडते ते सोने नव्हे, खालचे पितळ. पाण्याचा थर पातळ असतो. घासून किंवा घामाने तो जिथे विरतो तिथे पितळातल्या तांब्याला हवा आणि ओल मिळते आणि डाग पडतो. या सेटमध्ये आधी जाते ते ठुशीचे मानेला लागणारे मणी, तोड्यांच्या आतल्या कडा आणि पाटल्या एकमेकींवर आपटतात ती बाजू. गळ्यावर हिरवट डाग दिसला तर तो तांब्याचाच आहे, साबणाने जातो. खाज किंवा पुरळ आले तर मात्र दागिना काढा आणि परत घालू नका. खोट्या दागिन्याने पूर्वी कधी पुरळ उठले असेल तर हा सेट घेऊच नका.

सेंट, केसांचा स्प्रे, पावडर हे सगळे आधी. दहा मिनिटे जाऊ द्या, मग दागिने. उतरवताना उलटे: आधी दागिने, मग साडी, मग तोंड धुणे. हळदीच्या कार्यक्रमाला यातले काही घालू नका, तिथे फुलांचे दागिने शोभतात. लग्न लागल्यावर मोत्यांच्या फटीत अक्षतांचे कुंकू बसते, ते कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओले फडके लावले की लाल रंग मोत्यात मुरतो.

त्या रात्री कितीही दमलात तरी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक नग पुसा आणि पंख्याखाली पसरून ठेवा. घामाचे मीठ रात्रभर राहिले की सकाळी डाग दिसतो. दोऱ्या पूर्ण वाळल्या पाहिजेत. मग प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा काढून. ओल शोषणाऱ्या सहा पुड्या सोबत देतो. मखमली डबा फोटोला छान दिसतो, पण मखमल ओल धरते, पावसाळा त्यात काढू नका. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर श्रावणात एकदा पिशव्या उघडून बघा.

लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांतले काहीही लावू नका. खऱ्या पितळेला ती चकाकी आणतात, इथे वरचे पाणीच खरवडून नेतात.

रंग गेलाच तर ठुशी, साज, तोडे, पाटल्या आणि वाक्यांना पुन्हा पाणी चढवून देतो. ठुशीला १८० रुपये, तोड्यांच्या जोडीला ३२०. मोत्यांचे दागिने आधी उसवावे लागतात, त्यात नवीन घेण्याइतका खर्च होतो, म्हणून ती कामे घेत नाही.

पाठवणी आणि बदली

कोल्हापूरहून ऑर्डरनंतर तीन दिवसांत पार्सल निघते. वैशाखाच्या मुहूर्तांत आठवडा धरा. लग्नाला दहा दिवसांहून कमी उरले असतील तर आधी मेसेज करा, जमत नसेल तर तसे सांगू. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, तुटका नग निघाला तर त्यावरूनच बदलून देतो. पाटल्यांचे माप चुकले तर आठ दिवसांत एकदा बदली, कुरिअरचा खर्च तुमचा. नथ, कुड्या आणि बुगड्या अंगाला लागतात, त्या परत घेत नाही. दाबाच्या नथीचा दाब जमत नसेल तर फोटो पाठवा, कुठे आणि किती वाकवायचे ते दाखवतो.

सध्या तयार: दोन-चारचे चार सेट, दोन-सहाचे सात, दोन-आठचा एक.